लेपाखालचं तांबं

पाण्याच्या प्रयोगशाळेत ताईने धाकट्या भावाच्या कारखान्यातला तांब्याचा हंडा स्वतः तपासला होता. जंतू मिसळलेलं पाणी त्यात सोळा तास ठेवलं, आणि जुलाबाचे जंतू खरोखरच मेले. तिने अहवालात लिहिलं, "पाणी नितळ हवं, तांबं आतून उघडं हवं, वेळ पूर्ण हवा. तरीही सगळ्याच रोगजंतूंची हमी नाही."

परवा एका पाळणाघराने त्याच कारखान्याचा नवा हंडा तपासायला आणला. सोळा तास ठेवूनही पाण्यातले जंतू जसेच्या तसे! ताईने आतून नखाने खरवडलं, तर पारदर्शक लेपाची साल निघाली. पाण्याला तांबं शिवलंच नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भावाला फोन लावला.

"अगं ताई, आतून काळं पडतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. लेप दिला, चकाकी टिकली. बिघडलं काय?"

"खोक्यावर माझी सही छापलीस! लोक तिच्या भरवशावर पोरांना पाणी पाजतात. केसाने गळा कापलास माझा."

"उगाच डोक्यात राख घालू नकोस. हंडा तांब्याचाच आहे ना?"

"मग तुझी पोरं कुठल्या हंड्यातलं पितात?"



"बाबांच्या वेळच्या," तो पुटपुटला. "बिनलेपाच्या."