तेरा नोंदी

सकाळी सहा पन्नासला चुलतभावाचा निरोप आला. सोबत बँकेच्या नोंदींचा फोटो आणि खाली एक ओळ : "बारक्या, आता तरी डोळे उघड. हा घे पुरावा."

बारक्या एकोणतीस वर्षांचा होता आणि परदेशातल्या एका शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर होता. गळती शोधणं हे त्याचं काम. एखाद्या भागात मुख्य नळातून पाणी किती शिरलं ते मोजायचं, घराघरांच्या मीटरांवरची बेरीज करायची आणि दोन्हींत जो फरक राहील तो जमिनीखाली कुठे मुरतोय ते हुडकायचं. चार वर्षं हेच केल्यामुळे कोणी काही दाखवलं की हे आलं कुठून, हा प्रश्न त्याला आपोआप पडायचा.

चुलतभाऊ, म्हणजे दादा, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. चष्म्याच्या दुकानात नोकरीला, बोलायला गोड. गेले दोन महिने तो बारक्याच्या मागे लागला होता. नफा-वाटप गट होता. एक हिस्सा तीन लाखांचा. गटाचा व्यापार चालतो, त्यातून प्रत्येक हिश्श्याला दरमहा आठ टक्के, म्हणजे चोवीस हजार. अठरा महिन्यांनी मूळ रक्कम परत. त्याआधी पैसे हवे असतील तर आपल्या जागी नवा माणूस आणायचा. व्यापार कशाचा, हे बारक्याने तीनदा विचारलं. एकदा उत्तर आलं धान्याचा, एकदा जमिनीचा, आणि तिसऱ्यांदा, "ते गट चालवणारे सर बघतात. तू आंबे खा, कोयी कशाला मोजतोस?"

फोटोत सात महिन्यांच्या सात नोंदी होत्या. प्रत्येक चोवीस हजारांची. बारक्याच्या नजरेला पहिली गोष्ट टोचली ती रकमेची. धान्याचे भाव पडोत की चढोत, नफा एका रुपयाने हलला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे पाठवणारा दरवेळी वेगळा. एकही कंपनी नाही, सगळी माणसं. चौथ्या नोंदीपाशी तो थांबला. त्याने फोटो मोठा केला. तिथे त्याच्या आईचं नाव होतं.

त्याने चहा तसाच ठेवला आणि घरी फोन लावला. तिकडे दुपार होती. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने वर्षभर थोडे थोडे करून तीन लाख पाठवले होते. डॉक्टरांची तारीखच मिळत नाही, असं ती चार महिने सांगत होती.

"आई, तू दादाला पैसे पाठवलेस?"

ती म्हणाली, "त्याला कुठले? गटाला पाठवले. फॉर्म त्यानेच भरला. तुला नंतर सांगणार होतो, आधी काळजी कशाला, म्हणाला."

"पासबुक काढ."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. तोही दादाच्याच दुकानातला, फुकट करून दिलेला. मग ती एकेक ओळ वाचू लागली. पैसे थेट गटाकडे गेले नव्हते. मोबाइलवर तेरा नावांची यादी आली होती आणि दादाने शेजारी बसून तिच्याकडून एकाच दिवशी तेरा वेळा पैसे पाठवून घेतले होते. गटाच्या खात्यात गेलं की कर लागतो, माणसाकडून माणसाला गेलं की लागत नाही, असं काहीतरी कारण होतं. बारा नोंदी चोवीस हजारांच्या. तेरावी बारा हजारांची, सरांच्या नावे.

बारक्याने पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार अधिक बारा हजार. तीन लाख. त्याने पुन्हा केला. उत्तर बदललं नाही.

"परत येतात रे दरमहा," आई म्हणाली. "तीनदा आले. मी काही बुडाले नाही."

"शेवटचे कोणाकडून आले?"

ती वाचायला लागली आणि मध्येच थबकली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचं नाव होतं. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे तिने मागच्या महिन्यात गटात घातले होते. तिला घेऊन कोण गेलं होतं, हे बारक्याने विचारलं नाही.

"मीच नेलं तिला," आई आपणहून म्हणाली.

त्या दिवशी तो कामावर उशिरा पोहोचला. जेवणाच्या सुट्टीत, मीटर तपासण्याच्या खोलीत बसून त्याने उत्तर लिहिलं. पहिला मसुदा रागाचा होता, तो पुसला. दादाला सगळं माहीत असेल का, याचा त्याने बराच विचार केला. माहीत असतं तर आईचं नाव असलेला फोटो त्याने पुरावा म्हणून पाठवला नसता. पण सरांना गेलेल्या बारा हजारांतले सहा माणूस आणणाऱ्याला मिळतात, हे दादानेच मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. म्हणजे आईच्या पैशांतले सहा हजारही त्याच्या खिशात गेले होते. तेवढं तर त्याला नक्की माहीत होतं.

त्याने लिहिलं :

"दादा, मी गटात येणार नाही. कारण सांगतो, शेवटपर्यंत वाच. आईने दिलेल्या तीन लाखांपैकी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार त्याच दिवशी बारा जुन्या लोकांना वाटले गेले. बारा हजार सरांना आणि तुला. उरलं शून्य. मग व्यापार कोणत्या पैशांवर चालतो? नवा माणूस जे आणतो तोच जुन्यांचा नफा. बारा हिश्श्यांना एक महिना पोसायला एक नवा हिस्सा लागतो. असंच चालायचं तर नऊ महिन्यांत गट दुप्पट व्हायला हवा, दीड वर्षात चौपट. आणि अठराव्या महिन्यापासून मुद्दल परत करायला आणखी माणसं. तेवढी माणसं तू कुठून आणणार? घरातली तर संपली. म्हणूनच माझ्यामागे लागला आहेस ना? तू रोज लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतोस, हा एक आकडा नीट बघ. आईचे पैसे परत माग. तुझेही माग. ते आले, तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

पाठवण्याआधी त्याने आकडे तिसऱ्यांदा तपासले. निरोप दोन मिनिटांत वाचला गेला. उत्तर आलं तासाभराने : "परदेशात गेलास म्हणून शहाणा झालास. काकूंच्या गुडघ्यासाठीच केलं मी."



आईने दुसऱ्या दिवशी रक्कम परत मागितली. मोबाइलवर उत्तर आलं : विनंती नोंदली, रांगेत क्रमांक एकशे त्रेचाळीस. मग ती काठी घेऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, खालच्या मजल्यावर गेली आणि शिवणवालीच्या हातात चोवीस हजार ठेवले. शिवणवालीने नोटा मोजल्या. म्हणाली, "काकू, बाकीचे?" आई उभीच राहिली. तिला खुर्ची दिली गेली नाही, हे तिने फोनवर दोनदा सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी आईच्या खात्यात चोवीस हजार जमा झाले. पाठवणाऱ्याच्या जागी चुलतभावाचं नाव होतं.

"बघ, त्याला लाज वाटली," आई म्हणाली. "माझे त्याच्याकडे गेलेले त्याने परत केले. पोर वाईट नाही."

बारक्याने मनात दोन शक्यता मांडल्या. दादाला लाज वाटली असेल, तर त्याने एकदाच पैसे पाठवले असतील. पण रांग पुढे सरकावी म्हणून त्याने स्वतःच आणखी एक हिस्सा घेतला असेल, तर आईची नोंद त्याच्या तेरांपैकी एक, म्हणजे नेहमीचाच महिन्याचा नफा, असेल. यातलं काहीही खरं असलं तरी आईच्या पासबुकात एकच ओळ दिसणार होती, अक्षरन् अक्षर सारखी.

त्याने दादाला विचारलं : "शुक्रवारी एकदाच पाठवलेस की तेरा वेळा?"

निरोप वाचला गेल्याची खूण लगेच आली. नंतरच्या मंगळवारपर्यंत उत्तर आलेलं नाही. रांगेत आईचा क्रमांक एकशे त्रेचाळीसच आहे.