तळघरात सोडलेलं पाणी

बांधकामावर जमिनीतलं पाणी उपसणारे दोन्ही पंप बंद पडले आणि तळघराभोवती पाणी चढू लागलं. खालून पाणी तळघराला वर ढकलतं. ते दाबून धरायला चार मजल्यांचं वजन हवं होतं, आणि वर उभा होता एकच.

मुकादम धावत आला. "साहेब, राफ्टचा एक कोपरा बोटभर उचललाय!"

राफ्ट म्हणजे तळाचा जाड काँक्रीटचा थर. मी म्हणालो, "भिंतीतल्या खालच्या पाईपचं झाकण काढा. बाहेरचं पाणी आत येऊ दे."

"आत? पाणी आत येऊ नये म्हणून एवढा जीव काढला, आणि आता आपणच बोलवायचं?"

"रिकामं पातेलं पाण्याच्या बादलीत दाबून बघ, वर उसळतं. तेच पाण्याने भरलं तर उसळेल का?"

मुकादम पळाला.

पातेल्याचं उदाहरण माझ्या बायकोचं. इमारतीचं डिझाईनही तिचंच होतं. राफ्ट भिंतीबाहेर दोन हात वाढवा, त्यावर मातीचं ओझं बसेल आणि तळघर उसळणार नाही, असं तिने मालकांना परोपरीने सांगितलं होतं.

"वहिनी, ही इमारत आहे, होडी नव्हे," असं म्हणून मालकांनी ते काढून टाकायला लावलं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. पुढे वर्षभरात ती गेली.

तळघरात छातीभर पाणी झालं तेव्हा राफ्ट वर यायचा थांबला. मालक खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघत होते.

"वहिनींचं ऐकायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

मी मान हलवली. हे ऐकायला आज ती हवी होती.