मधलं शटल कुणाचं

बॅडमिंटन हॉलचं दार ढकललं आणि सगळ्यात आधी दिसली ती माझी थोरली जाऊ. पायात कोरे पांढरे बूट, कपाळाला टॉवेलचा पट्टा, आणि रॅकेट अशी धरलेली की आता कढईतून काहीतरी उपसणार. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि मी वरच्या. दोन वर्षं होत आली, आम्ही एकमेकींशी बोलत नाही. निरोप द्यायचा तर तो दोघींच्या नवऱ्यांमार्फत जातो, आणि दोघे भाऊ विसराळू असल्यामुळे अर्धे निरोप जिन्यातच विरतात.

भांडण कशावरून, ते सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. पुतणीच्या लग्नात घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, तेव्हा मी आतल्या खोलीत सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसले होते. थोरलीचीही पर्स त्यात होती. मला कुणी हाक मारली नाही. मी नंतर विचारलं, तर थोरली म्हणाली, ‘‘बोलावणं धाडायला तू काय पाहुणी आहेस? यायचं आपणहून.’’ तो फोटो मोठा करून तिच्या हॉलमध्ये लावलाय. त्यात लांबचा मामेसासरा आहे, त्याचा ड्रायव्हरही आहे. मी नाही. तेव्हापासून मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती, एक साधी हाक. ती मिळेपर्यंत मीही तोंड उघडणार नव्हते. हट्टाच्या बाबतीत आमच्या घरात कुणी कुणाला हार जात नाही.

मी तिथूनच मागे फिरणार होते. पण शिट्टी वाजली.

‘‘दारात उभ्या आहात त्या, आत या. आणि ते रस्त्यावरचे बूट काढा आधी. हॉलचे बूट वेगळे. या लाकडावर बाहेरची रेती आली की घसरून पडणारे तुम्ही, आणि उचलणारा मी.’’

कोच साठीचे, बुटके, पोट थोडं पुढे, पण चालताना पायांचा आवाज नाही. आम्ही आठ जण त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मी एका टोकाला, थोरली दुसऱ्या टोकाला.

‘‘तुम्हाला इथे कुणी पाठवलं ते मला माहितेय,’’ कोच म्हणाले. ‘‘निम्म्यांना डॉक्टरांनी, निम्म्यांना आरशानं. लहानपणी गच्चीवर खेळला असाल, त्यामुळे आपल्याला येतं असं वाटत असेल. ते विसरा. ज्याला काहीच येत नाही त्याला मी महिन्यात शिकवतो. ज्याला थोडं येतं त्याला जास्त वेळ लागतो.’’

माझ्या शेजारचे दातांचे डॉक्टर गोरेमोरे झाले. ते स्वतःची महागडी रॅकेट घेऊन आले होते.

‘‘आता रीतभात. शेजारच्या कोर्टावर रॅली चालू असेल तर मागून जायचं नाही. थांबायचं. पॉइंट संपला की जायचं. तुमचं शटल त्यांच्या कोर्टात गेलं तर धावत आत घुसायचं नाही, ओरडून थांबवायचं. समोरच्याला शटल द्यायचं तर नेटवरून नीट द्यायचं. पायाने ढकलून नेटखालून सरकवायचं नाही, ते काय मांजराला दूध देताय? आणि आउट की आत, ते ज्याच्या बाजूला पडलं त्यानं सांगायचं. इथे पंच नाही. रेषेला शिवलं तरी आत. नक्की दिसलं नाही, तर पॉइंट समोरच्याचा. शटल तुमच्या रॅकेटला, कपड्याला, केसाला चाटून गेलं, तर ते तुमचं तुम्ही कबूल करायचं. कुणी बघितलं नाही म्हणून गप्प बसलात, तर रात्री झोप लागते का बघा.’’

‘‘लागते,’’ बँकेतला कॅशियर हळूच म्हणाला. सगळे हसले. थोरलीही हसली. मी हसत होते ती थांबले.

मग वॉर्मअप. हॉलभोवती आधी चालत, मग दुडक्या चालीने. घोटे फिरवा, गुडघे उचला, खांदे पुढून मागे, मागून पुढे, मनगटं सैल सोडा. एक पाय पुढे टाकून वाकणं आलं, तेव्हा आठ जणांच्या सोळा गुडघ्यांनी आपापली तक्रार नोंदवली.

‘‘थंड अंगाने धावलात तर पोटरी धरते,’’ कोच आमच्यामधून फिरत म्हणाले. ‘‘टाचेच्या वर मागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि मागे कुणी नसलं, तर तिथल्या तिथे थांबायचं. मर्दानगी दाखवायची नाही. बायकांनीसुद्धा.’’ हे शेवटचं थोरलीकडे बघून. ती गुडघा धरून ओठ चावत होती, पण सोडत नव्हती. तिचा तो डावा गुडघा जुना दुखरा आहे. मला माहीत होतं, मीच कितीदा तिला शेक दिलाय. ‘उजवा पाय पुढे घ्या’ एवढं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्यानंतर सर्व्हिस. कमरेखालून मारायची, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, तिरकी, समोरच्या चौकोनात. आपले गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. नेटला अंग किंवा रॅकेट लागली तर पॉइंट गेला. प्रत्येकाने दहा-दहा मारल्या. डॉक्टरांच्या पहिल्या तीन छताच्या दिव्याकडे गेल्या.

‘‘चला, आता अकरा गुणांचा छोटा डबल्स.’’ कोचने हजेरीवर नजर टाकली. ‘‘डॉक्टर आणि कॅशियर एका बाजूला. तुम्ही दोघी दुसऱ्या. आडनाव एकच आहे, म्हणजे घरचाच मामला. एकमेकींना सांभाळून घ्याल.’’

मी थोरलीकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं.

‘‘डबल्सचा पहिला नियम पुस्तकात नाही,’’ कोच म्हणाले. ‘‘बोलायचं. शटल मध्ये आलं की एकानं ओरडायचं, ‘माझं!’ नाहीतर ‘तुझं!’ बाहेर जातंय असं दिसलं, तर जोडीदाराला ‘सोड!’ गप्प राहिलात तर दोनपैकी एक होतं. शटल पडतं, नाहीतर डोकी आपटतात.’’

आमचं दोन्ही झालं. पहिलं शटल मधोमध आलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि शटल आमच्या मध्ये येऊन पडलं. दुसऱ्या वेळी दोघी धावलो आणि तिची रॅकेट माझ्या रॅकेटवर खाडकन बसली. तिसऱ्या वेळी पुन्हा दोघी थांबलो. कॅशियरला कळलं होतं. तो प्रत्येक शटल आमच्या मधोमधच टाकायला लागला आणि मिशीतल्या मिशीत हसायला लागला. पैसे मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं नुकसान चटकन दिसतं.

‘‘सर,’’ मी शेवटी म्हणाले, ‘‘त्यांना सांगा, मधलं मी घेते.’’

‘‘सर,’’ थोरली म्हणाली, ‘‘तिला सांगा, घेते म्हणायचं आणि उभं राहायचं, ही तिची जुनीच सवय.’’

कोचने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. ‘‘मी इथे कोच आहे, टपाल नाही वाटत. दोघी एकमेकींपासून चार पावलांवर आहात. आता जी बोलणार नाही, तिचं शटल पडलं तर दोन पॉइंट जातील. हा नियम माझा, पुस्तकातला नाही.’’

गुण होते त्यांचे नऊ, आमचे तीन. डॉक्टरांनी सगळा जोर लावून उंच टोला मारला. शटल माझ्या डोक्यावरून मागे चाललं होतं. मी वर बघत मागे मागे जात होते, रॅकेट उगारलेली, मागची रेषा कुठे आहे याचा पत्ता नाही.

‘‘सोड गं!’’

आवाज थोरलीचा. दोन वर्षांनी तिने थेट मला काही म्हटलं होतं, आणि तेही अगदी तोच जुना आवाज, स्वयंपाकघरात दूध उतू जाताना असतो तो. मी विचारही केला नाही. हात आपोआप खाली आला.

शटल माझ्या पायाशी पडलं. मी वाकून बघितलं. बूच बरोबर मागच्या रेषेवर टेकलं होतं.

हॉलमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. आमच्या बाजूला पडलेलं, सांगायचं आम्हीच. थोरलीने ‘सोड’ म्हटलं होतं, म्हणजे तिच्या मते बाहेर. ती माझ्याकडे बघत होती. पलीकडून कुणालाही नक्की दिसलं नसणार. ‘आउट’ म्हटलं असतं, तर तिचं खरं ठरलं असतं. दोन वर्षांनी बोलली, तिला लगेच तोंडावर खोटी पाडायची?

‘‘आत आहे,’’ मी म्हणाले. ‘‘रेषेवर आहे, ताई.’’

थोरली लंगडत आली, चष्मा वर सरकवून वाकली आणि रेषेकडे बराच वेळ बघत राहिली. ‘‘आहे खरं आत,’’ ती म्हणाली. ‘‘माझंच चुकलं. पण तू सोडलंस कशाला? माझं ऐकायची तुला कधीपासून सवय लागली?’’

‘‘तुम्ही बोललात म्हणून सोडलं.’’

आम्ही पुढचाही पॉइंट घालवला आणि हरलो. पण त्या शेवटच्या पॉइंटला ती ‘‘तुझं!’’ म्हणून ओरडली, मी धावले, आणि शटल नेटमध्ये मारलं. चौघांनी नेटवरून हात मिळवले. कॅशियर म्हणाला, ‘‘मजा आली हां.’’ थोरली त्याला म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी दाखवते मजा.’’

‘‘शटलं सगळ्यांनी वेचायची,’’ कोचने शिट्टी वाजवली. ‘‘माझी कंबर तुमच्या आधीच्या बॅचने संपवली.’’

मी पलीकडच्या कोर्टावर गेले. दोन शटलं बाकाखाली गेली होती. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला. मागे हॉलमध्ये गडबड चालली होती, ‘इकडे या’, ‘उंच लोक मागे’. कोच बॅचचा फोटो काढत होते, दरवेळी पहिल्या दिवशी काढतात म्हणे. मला ऐकू येत होतं, पण मी उठले नाही. उठून जायचं आणि शेवटी कडेला अर्ध्या खांद्यानिशी उभं राहायचं, त्यापेक्षा शटलं बरी. इथेही मीच वेचत बसलेय, असं वाटून डोळे भरून आले. साध्या फोटोसाठी या वयात रडू यावं याची लाजही वाटली.

‘‘झाले ना सगळे?’’ कोच म्हणाले. ‘‘हसा.’’

‘‘अहो, थांबा!’’ थोरलीचा आवाज हॉलभर घुमला. ‘‘काय घाई आहे? आमची यायचीय अजून.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘अगं, ये की! काय वेचत बसलीस तिथे? माणसं खोळंबलीत. ये इकडे, माझ्याजवळ.’’

‘‘आले, ताई,’’ मी म्हणाले.

ती सरकली नाही, तिने डॉक्टरांना ढकलून जागा केली. मला दंडाला धरून शेजारी ओढलं आणि हात तसाच ठेवला.

तो फोटो आता तिच्या हॉलमध्ये त्या दुसऱ्या फोटोच्या शेजारी आहे. त्यात माझ्या ओंजळीत शटलं आहेत आणि डोळे मिटलेले आहेत. थोरलीचं तोंड उघडं आहे, कारण फोटो निघाला तेव्हा ती मला ‘डोळे पूस आधी’ असं सांगत होती.