विहीणबाईंचं स्वागत

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, लग्नाच्या हॉलमधला. कारखान्यातून आलो तेव्हा मालक मला मखमलीच्या डबीत निजवायचे आणि लोक माझ्या खणखणीत आवाजाचं कौतुक करायचे. आता माझी जाळी चेपली आहे, वायर चिकटपट्टीवर तगून आहे. भाषणं ऐकून ऐकून कान किटले आहेत. मुलीचा बाप आभार मानायला उभा राहिला, की पाहुण्यांच्या पोटात कावळे कोकलेपर्यंत बसत नाही.

एकदा मात्र वेगळं घडलं. नवरीचे वडील बस चालवायचे. आठवडाभराच्या धावपळीने त्यांचा पार पिट्ट्या पडला होता. स्टेजमागे बायको त्यांना पढवत होती. "आधी आलेल्यांचे आभार, मग राबलेल्यांचे. मग व्याह्यांकडच्यांचं स्वागत, आणि जेवायला चला. एवढंच. रडायचं नाही."

नवऱ्या मुलाचे वडील तो लहान असतानाच गेले होते. पुढच्या खुर्चीत त्याचे काका ऐटीत बसले होते. स्वागत त्यांचंच करायचं, असं सगळे धरून चालले होते. नवऱ्या मुलाची आई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून एकटीच होती.

नवरीच्या वडिलांनी मला हातात घेतलं. त्यांनी लांबून आलेल्यांचे आभार मानले, वयस्कर पाहुणे जिने चढून आले म्हणून त्यांचे वेगळे मानले. स्वयंपाकघरात पहाटेपासून उभ्या असलेल्यांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांना त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. जावयाचे गोडवे गायले नाहीत. "माझ्या आजारपणात हा रोज यायचा," एवढंच म्हणाले. मग काकांना नमस्कार केला आणि त्यांची नजर मागे गेली.

"आणि विहीणबाई..." ते म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच माझी वायर निसटली. मी खरखरलो आणि गप्प झालो.

काकांनी हातानेच 'आवरा' अशी खूण केली. वडील मला हातात घेऊनच खाली उतरले, शेवटच्या रांगेपर्यंत गेले. अर्ध्या हॉलला काही ऐकू आलं नाही, मी ऐकलं.

"विहीणबाई, एकटीने मुलगा उभा केलात. आमचं घर आता तुमचंही आहे. पुढे चला, तुमच्याशिवाय पंगत बसायची नाही."

त्यांनी पदर सावरला. मग उठून त्यांच्याबरोबर पुढे आल्या. काकांनी खुर्ची सोडली. जरा कुरकुरतच, पण सोडली.

दुसऱ्या दिवशी मला अडगळीत टाकलं. धूळ खातो आहे, थकलो आहे. तक्रार नाही, पण मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या वायरी वेळेवर जोडत जा. आणि कधी चार माणसांपुढे आभार मानायला उभे राहिलात, तर थोडकं बोला, पण मागच्या रांगेत कोण बसलंय ते आधी बघा.

त्या दिवशी विहीणबाई सगळ्यांदेखत एकच वाक्य बोलल्या. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरगी सकाळपासून उपाशी आहे. तिला आधी वाढा."