लाल पाचर

दवाखान्यातल्या साहेबा, मथुरेच्या छातीकडे न बघता तू कागदावर ‘मलेरिया’ खरडलंस आणि वर फर्मावलंस, अंगावरचं दूध तोड. त्याचं पुढे काय झालं ते ऐक.

वेसाव्याच्या पुतळाबाईची ही सून. अडीच महिन्यांचं पोर सासूपाशी ठेवून ती मावऱ्याची, म्हणजे मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची. चोळीची गाठ आवळलेली. सैल चोळीच्या कोळणीला बाजार हसतो. दुपारपर्यंत दूध दाटायचं. मागच्या महिन्यात उजवीकडे सुपारीएवढी गाठ आली. ताप नाही, कणकण नाही. पुतळाबाईने चोळी सोडायला लावली, पोराला आधी त्याच बाजूला घेतलं, दुसऱ्या सकाळी गाठ विरली.

म्हणून परवा पुन्हा दुखलं तेव्हा सासू म्हणाली, “तीच गो गाठ! पाज, जाईल.”

ही ती नव्हती. मथुरा भर उन्हात थडथडायला लागली. काखेपासून बोंडाकडे निमुळती होत गेलेली लाल पाचर, लाकडासारखी कडक. हात लावला तर चटका.

दवाखान्यात सासू म्हणाली, “हिची छाती दुखते.”

तू मान वर केली नाहीस. “तापात सगळंच दुखतं.”

मथुरेने पदर आणखी ओढला. पुरुषासमोर काय बोलणार?

पुतळाबाईने तुझं ऐकलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून सुनेची छाती करकचून बांधली. रडून रडून पोराचा घसा बसला. दूध आत कोंडलं, ताप चढला, सकाळी पाचर तळहाताएवढी झाली.

“आये, कापतील का गो?” मथुरेने विचारलं. पू होऊन कापावं लागलेली शेजारची सुगंधा दोघींनी पाहिली होती.

पुतळाबाईने पट्टी उपटून फेकली आणि सुनेला, पोराला घेऊन अंधेरी गाठली, पद्मजा डॉक्टरणीकडे. तिने पदर बाजूला करून बोटांनी हलकेच चाचपलं.

“मागे नुसती दुधाची नळी चोंदली होती. आता ताप, लाली, थंडी. ही सूज पेटली आहे. पू अजून नाही. बांधलं कुणी?”

“मीच,” पुतळाबाई म्हणाली. “साहेबाने दूध तोडायला सांगितलं.”

“अडलेल्या दुधानेच तर वाढलं! पाजा, दोन्ही बाजूंना. पोराला बाधत नाही. दाबून चोळू नका. पेनिसिलिनच्या सगळ्या सुया घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत.”

“सुई दुखते का वो?” मथुरेने विचारलं.

“तुझ्या सासूच्या पट्टीपेक्षा कमी.”

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचर मऊ पडली, पोर चपचप ओढू लागलं. सासूच्या पोटातली आग मात्र निवली नाही. पोराला कडेवर घेऊन ती रांग मोडून तुझ्या टेबलापुढे उभी राहिली.

“बांधलं मी, ते माझं मी भोगीन. तू तुझं बोल. तुला लाज वाटली तर एखाद्या बाईला बोलवायचं. पाजणाऱ्या बाईला ताप आलाय, छाती दुखते म्हणून तोंडाने सांगितलंय, आणि तू न बघता मलेरिया ठरवलास कसा? मान वर कर. सांग!”