आवाजाच्या पुढे उभा असलेला कीपर

मंगरूचा तिसरा फटकाही थेट समोरच्या गोलकीपरच्या, प्रफुलच्या हातात गेला.

चंद्रपूरच्या मैदानावर अंध फुटबॉलच्या राज्य शिबिरासाठी निवड सामना चालू होता. दोन्ही बाजूंचे चार-चार खेळाडू डोळ्यांवर पट्ट्या बांधून खेळत होते. ज्याला थोडंफार दिसतं त्यालाही काही दिसू नये म्हणून. चेंडूच्या आतले धातूचे तुकडे खुळखुळत होते. दिसणारा फक्त गोलकीपर. प्रशिक्षक गुलाबभाऊंनी सकाळीच सांगितलं होतं, "फॉरवर्डनं डोळस कीपरले एकदा तरी चकवलं पाहिजे. नाई तर शिबिरात नेऊन काय करू?"

मंगरू फॉरवर्ड होता, आणि त्याची मोठी बहीण रंजीता त्याची गाईड. ती समोरच्या संघाच्या गोलमागे उभी होती. मंगरू मैदानाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात आला की मगच तिला बोलायची मुभा. त्याआधी तो कुणावर आदळायला निघाला, तरी दात आवळून गप्प राहायचं. तो हद्दीत आला की ती ओरडायची, "इकडं! सहा मीटर! मार!" आणि तो मारायचा. अगदी बरोबर, तिच्या दिशेनं.

"काऊन गा," घुग्घुसचा प्रफुल चेंडू उचलत हसला, "मलेच पास करून राह्यला का?"

तेव्हा रंजीताला चूक दिसली. आलापल्लीला लाकडाच्या डेपोमागे दोन बांबू रोवून तिनं त्याला तीन वर्षं शिकवलं होतं. गोलमध्ये उभं राहायला कधी कुणी मिळालं नाही. ती बांबूंच्या मधोमध मागे उभी राहून हाक मारायची, तो हाकेवर मारायचा आणि प्रत्येक फटका गोल व्हायचा. आज तिच्या आवाजाच्या आणि मंगरूच्या मधे प्रफुल उभा होता.

मध्यंतरात ती मंगरूजवळ जाऊन बसली.

"चुकी माही आहे. तू माह्या आवाजावर मारतं, अन् माह्यापुढं कीपर आहे."

"तूच म्हणे ना, आवाजावर मार म्हणून!"

"तवा कीपर नव्हता बापू."

"मंग आता कुठी मारू?" त्यानं पाण्याची बाटली खाली आपटली. "दहा मिनिटात नवीन शिकू का?"



उत्तरार्धात तिनं जागा बदलून पाहिली. उजव्या खांबामागे सरकून हाक दिली. प्रफुलनं मान वळवून तिला पाहिलं, दोन पावलं सरकला आणि चेंडू अडवला. ती जिथं जाईल तिथं तोही जाणार. तिचा आवाज मंगरूपेक्षा प्रफुलच्याच जास्त कामी येत होता. कडेला गुलाबभाऊ वहीत काहीतरी लिहीत होते. घड्याळात चार मिनिटं उरली होती.

मग मंगरू मैदानाच्या कडेच्या फळीला घासत चेंडू घेऊन आत शिरला. समोरचा बचावपटू त्याच्यावर धावून आला, पण "वॉय" म्हणाला नाही. आपण येतोय हे सांगायलाच तो शब्द. न म्हणता भिडलं की फाऊल. दोघांची टक्कर झाली. शिट्टी वाजली. जागा गोलच्या अगदी पुढ्यातली, म्हणून पेनल्टी.

मंगरू सहा मीटरवर उभा राहिला. रंजीतानं लोखंडी कांबीनं आधी एक खांब वाजवला, मग दुसरा. एरवी त्यानंतर ती मधोमध उभी राहून हाक द्यायची. तिनं तोंड उघडलं.

"बाई, परत वाजव. दोन्ही," मंगरू बहिणीला म्हणाला.

तिनं वाजवले. टण्. टण्. त्यानं प्रत्येक आवाजाकडे पायाचा अंगठा वळवून पाहिला, जणू जमिनीवर रेघ ओढतोय.

"आता तू गप्प रा. काईच बोलू नको."

तीन वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. ती मधोमध उभी राहिली, हात छातीशी बांधले. प्रफुलनं एकदा मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती कुठेच सरकत नव्हती. तो पुन्हा पुढे वळला. फटक्याच्या वेळी शांतता पाळायचा नियमच असल्यानं मैदानावर कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तिला वाटलं, हाक दिली नाही आणि चेंडू बाहेर गेला, तर हा घरी जाऊन काय म्हणेल? रेफरीनं शिट्टी दिली.

मंगरू थांबला होता. प्रफुलचा बूट गोलपुढच्या मॅटवर करकरला. आवाज मंगरूच्या उजवीकडून आला; प्रफुल तिकडे झुकला होता. त्याच क्षणी मंगरूनं आपल्या डाव्या हाताच्या खांबाच्या आतल्या कडेला फटका मारला. चेंडू खुळखुळत गेला, जाळीत गुरफटला आणि गप्प झाला.

"बाई?" मंगरू हात पुढे करून उभा होता. "गेला का नाई? बोल ना आता!"

रेफरीची शिट्टी वाजली आणि कडेची माणसं एकदम ओरडली. मग कुठे त्याला कळलं.

सामना संपल्यावर गुलाबभाऊ वही घेऊन आले. "तुमचा हा सात नंबर शिबिराले येईल. पण बाई, तुमाले बी यावं लागते. तिथं आधी कीपर उभा करू, मंग हाक द्याले शिकवू."

"माहं नाव बी लिहा," रंजीता म्हणाली. मंगरू अजून विचारतच होता, कोणत्या कोपऱ्यात गेला, किती आत गेला, आणि ती त्याचं बोट धरून त्याला खांबापासूनचं अंतर मोजून दाखवायला घेऊन गेली.