रडगाणं वगळून बदलीचा अर्ज

वहिनीचा जीव विटला होता. कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात सात वर्षं फोन घेऊन तिचे कान किटले होते. ऐकणाऱ्याचं काय जातं, असं लोक म्हणतात. जातं हो, त्याचंच जातं. आता कंपनीच्या माहितीपुस्तिका विभागात, म्हणजे यंत्राच्या खोक्यात जे पुस्तक येतं ते लिहिणाऱ्यांकडे, एक जागा निघाली होती. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. ही हुकली तर सरळ राजीनामा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिची धाकटी नणंद दुसऱ्या एका कंपनीत माणसांच्या नेमणुका आणि बदल्या बघायची. जेवणाच्या सुट्टीत वहिनीने डबा बाजूला सारला आणि मोबाइलवर तिच्यापुढे रडगाणं सुरू केलं. लोक ओरडतात. तेच ते प्रश्न. साहेब तर मौनीबाबा, सात वर्षांत एक बरा शब्द नाही. आता जाते तिकडे, एकदाची सुटका. नणंदेने सगळं वाचलं, हसणारा एक चेहरा पाठवला आणि विचारलं, की यातलं अर्जात काय घालणार?

हाच तर घोळ होता. वहिनीने आधीच एक मसुदा केला होता आणि तो हुबेहूब तक्रारीसारखा उतरला होता: अडचण काय, कधीपासून, आणि निवारण काय हवं. सवय हाडीमाशी खिळली की असं होतं. शिवाय तो ती थेट पुस्तिका विभागाच्या प्रमुखांना धाडणार होती. नणंदेने तिला तिथेच अडवलं. साहेबांची संमती लागणारच आहे, मग त्यांना दुसऱ्याच्या तोंडून का कळू द्यायचं?

"कुठून पळायचंय ते राहू दे वहिनी," तिने लिहिलं. "फोन वाजायचे थांबले तर दिवसभर काय करशील, ते सांग."

यावर वहिनीची बोटं धावतच सुटली. नवं यंत्र थडथडतं म्हणून निम्मे लोक फोन करतात. कारण काय, तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट लावलेले असतात आणि ते काढायला लोक विसरतात. पुस्तकात ते दिलंय, पण पार आत, जिथवर कुणी पोचतच नाही. म्हणून तिने एका पानावर चित्र काढलं. नवं यंत्र घेणाऱ्यांना ते मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली, आणि तसले फोन निम्म्यावर आले.

"हाच तुझा अर्ज," नणंदेचं उत्तर आलं.

दोघींनी मिळून तो बेतला. मौनीबाबा गळाले, ओरडणारे लोक गळाले, 'सुटका' तर पहिल्याच फटक्यात गेली. उरलं ते असं: 'ग्राहक कुठे अडतात, हे या विभागात मला जवळून शिकायला मिळालं. तोच अनुभव पुस्तिका सोपी करण्यासाठी वापरण्याची इच्छा आहे. सोबत चित्राचं पान आणि त्याआधीचे-नंतरचे फोनचे आकडे जोडले आहेत. आपली संमती असल्यास अर्ज पुढे पाठवावा. बदली झाल्यास माझ्या जागी येणाऱ्याला मी शिकवीन आणि हातातल्या तक्रारी निकाली काढूनच जाईन.' वाचताना वहिनीला स्वतःचंच कौतुक वाटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. डोळे मिटून तिने तो साहेबांना पाठवला.

आणि मग पाठवलेला मेल उघडून बघितला. त्यांच्या विभागातून जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली एक ओळ आपोआप चिकटत असे. ती इथेही सहीखाली ठाण मांडून बसली होती: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

काही वेळाने साहेबांनी आत बोलावलं. समोर पडद्यावर तिचाच मेल होता. वहिनीने ओळीचा खुलासा करायला तोंड उघडलं, तोच साहेबांनी बसा म्हणून खूण केली.

"चित्राच्या पानाचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "फोन कमी झाले तेव्हा तुमच्या नावानिशी वर कळवलं होतं. तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं."

सात वर्षं ज्या एका वाक्यासाठी वहिनी आतल्या आत कुढत होती, ते असं सहज समोर आलं होतं, आणि तेही जायच्या वेळी. तिला राग आला, हसू आलं, बरंही वाटलं.

साहेबांनी संमती लिहिली. नवा माणूस तयार होईपर्यंत महिनाभर थांबाल का, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. ते मेल पुढे पाठवणार, तोच तिने चाचरत विचारलं, की ती खालची ओळ तेवढी काढून टाकायची का.

साहेबांनी ओळ पुन्हा एकदा वाचली.

"राहू द्या," ते म्हणाले. "गैरसोय तर होणारच आहे आमची."